पाचव्या माळेला अंगात आलं

आमच्याकडे घट थोरल्याच्या घरी बसतो, आणि थोरला मी. माझा संसार मोडला त्याला बरीच वर्षं झाली, पण देवीला त्याचं काही नाही. सावेडीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दरवर्षी पत्रावळीवर काळी माती पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मधोमध कलश ठेवायचा आणि रोज एक माळ सोडायची, हे सगळं मी एकटाच करतो. नऊ दिवस दाढी नाही, चप्पल नाही, गादीवर झोपणं नाही, आणि दसऱ्यापर्यंत नव्या कामाला हात नाही. हे शेवटचं आईनं लहानपणापासून कानात भरलेलं. घट बसलेले असताना आमच्यात कुणी नवं दावंसुद्धा गुराच्या गळ्यात बांधत नाही.

त्या वर्षी घट बसायच्या आधीच्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टर म्हणजे मनाच्या डॉक्टर, एक तरुण बाई. दोन-अडीच वर्षं मी त्यांची पॅरोक्सेटिन नावाची गोळी घेत होतो. ती सुरू होण्याआधी माझी अवस्था अशी होती की भिंगारला स्टोअरमध्ये कामावर जायचो, सामान मोजायचो, घरी यायचो आणि भिंतीकडे तोंड करून पडायचो. गोळीनं मला उभं केलं. पण वजन वाढलं, दिवसभर पेंग यायची, म्हणून बाईंनी गोळी बदलायचं ठरवलं. नवी सरट्रालिन. जुनी हळूहळू कमी करायची आणि त्याच वेळी नवी थोडीशी सुरू करायची, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी दोनदा मान हलवली.

घरी येऊन मी माझं डोकं चालवलं. एकाच आजाराच्या दोन गोळ्या एकदम पोटात कशाला? त्यात नवरात्र आलेलं. मग मी अगदी नीटनेटका बेत केला. जुनी गोळी पहिल्या माळेपासून बंद, म्हणजे उपवासात शरीर धुऊन निघेल. आणि नवी दसऱ्याला सुरू, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. लोक त्या दिवशी मोटारसायकल घरी आणतात, मी गोळी आणणार होतो. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

तिसऱ्या माळेला डोळे बाजूला फिरवले की डोक्यात झटका बसायला लागला. दुखत नव्हतं. क्षणभर वीज जाऊन यावी तसं काहीतरी कपाळामागून सर्रकन जायचं आणि जमीन हलल्यासारखी वाटायची. मळमळ, घाम, आणि झोप लागलीच तर अशी लख्ख स्वप्नं की ती खरी नव्हती याची सकाळी उठून खात्री करावी लागायची. स्टोअरमधला नळ गळतो एवढ्यावरून मी तिथल्या एका भल्या माणसावर ओरडलो, आणि पाठ फिरवून रडलो. कुणीच काही विचारलं नाही. अनवाणी पाय आणि वाढलेली दाढी बघून सगळे समजून घेत होते. कडक उपवास आहे, म्हणत होते. माणूस आतून निखळत होता आणि बाहेरच्यांना तो व्रतस्थ दिसत होता. मलाही तसंच वाटत होतं. उपाशी पोटी चक्कर येणारच, म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दिलेली भगर दोन घास जास्त खाल्ली.

पाचव्या माळेला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरती होती. ढोल, झांजा, धूप. मी मागे खांबाला टेकून उभा होतो. ढोलाच्या दिशेनं नजर वळली की झटका, देवीकडे वळली की झटका. मग ते एकामागोमाग एक यायला लागले. मी डोलायला लागलो, हात थरथरले, गुडघे मुडपले आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना. आरती थांबली. कुणीतरी म्हणालं, "आली."

काकूंनी माझ्या कपाळावर मळवट भरला. एका बाईनं पायांवर डोकं ठेवलं. मला सांगायचं होतं की थांबा, हे तसलं काही नाही, पण जीभ कोरडी पडली होती. आणि खरं सांगायचं तर माझ्या खांद्यावर चार-पाच हात होते. इतक्या वर्षांत कुणी मला इतका वेळ धरून ठेवलं नव्हतं. मी ते हात तसेच राहू दिले.

काकूंनी आईला फोन केला. आई पाथर्डीकडच्या गावात धाकट्या भावाजवळ राहते. तिचे गुडघे गेलेत, शहरात ती येत नाही. मी दवाखान्यात होतो तेव्हाही तिला यायला जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीनं आली. हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि खण. दारात उभी राहून तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. त्या नजरेत मी आजारी नव्हतो.

"माज्या लेकराला धरलं आईनं," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेऊन बसली.

मग दोन दिवस घर भरलेलं होतं. शेजारणी ओटी घेऊन यायच्या. कुणी मुलीच्या लग्नाचं विचारायचं, कुणी जावयाच्या दारूचं. मी बोलत नसे, तर म्हणायचे, देवीनं मौन धरलंय. आई माझ्या डोक्याला तेल लावायची आणि माझ्याच सतरंजीवर शेजारी झोपायची. पंचेचाळिशीचा बाप्या, आईचा हात पोटावर घेऊन झोपत होतो. मला ते हवं होतं. झटके सोसून हवं होतं.

सातव्या माळेला आई म्हणाली, "ती डोक्याची गोळी आता टाकून दे. लई वरसं खाल्ली. आता आईच बघल तुजं."

इथे मात्र मी आतून थिजलो. कारण त्या दिवशी सकाळी मी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. जुना आजार परत येत असेल तर तो कुठवर नेतो हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. हो म्हटलं तर ती राहील, लोक येतील, माझं रडणं पुजलं जाईल. आणि एखाद्या सकाळी मी उठणारच नाही. मी म्हणालो, "आई, एकदा डाक्टरला इचारू." ती नाराज झाली, पण रिक्षात बसली.

डॉक्टरबाईंनी माझा मळवट पाहिला, पाय पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी कधी बंद केलीत?"

मी माझा दसऱ्याचा बेत सांगितला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आईकडे वळून, तिला कळेल असं सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सेरोटोनिन नावाचं द्रव्य सोडतात आणि मग परत आत ओढून घेतात. ही गोळी ते ओढून घेणं अडवते, म्हणून ते बाहेर जास्त राहतं. महिनोन्‌महिने असं चाललं की मेंदू त्या हिशेबानं आपली घडी बसवतो. गोळी एकदम काढली की घडी तीच राहते आणि आधार जातो. मेंदूला पुन्हा जमवून घ्यायला आठवडे लागतात, तोवर चक्कर, झटके, रडू, चिडचिड. "आणि यांची जुनी गोळी शरीरातून फार लवकर निघून जाते. काही गोळ्या आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, त्या आपोआप हळू सुटतात. ही तशी नाही. म्हणून हळू सोडायची म्हटलं होतं."

"म्हणजे मला गोळीचं व्यसन लागलंय?" मी विचारलं.

"व्यसन लागलेला माणूस गोळीसाठी जीव टाकतो. तुम्ही तर ती पहिल्या माळेलाच कपाटात टाकलीत."

"आणि आजार परत आलाय का?"

"आजार सावकाश परततो, आठवड्या-आठवड्यांनी. त्यात असे झटके बसत नाहीत. हे गोळी बंद केल्यावर तीन दिवसांत आलं. जुनी गोळी आज पहिल्याइतकीच घ्या, दोन-तीन दिवसांत उतरेल. उतरलं तर ते गोळीचंच होतं. मग सावकाश बदलू, आणि या वेळी मी सांगेन तसं."

आई इतका वेळ पदराचं टोक चाळवत होती. तिनं विचारलं, "मंजी देवी न्हाई म्हनता?"

"देवीचं मला सांगता येणार नाही, आजी. गोळीचं सांगता येतं."

संध्याकाळी फराळ झाल्यावर मी गोळी तळहातावर घेतली. आई घटासमोर बसली होती. नको म्हणाली नाही, पाणीही दिलं नाही. मी स्वतः उठून पाणी घेतलं आणि गोळी गिळली. त्या दोन पावलांत मी तिला फसवतोय असं वाटत होतं, आणि कशात ते मात्र सांगता येत नव्हतं.

आठव्या माळेच्या संध्याकाळी झटके विरळ झाले. घट उठायच्या दिवशी मी मान फिरवली, डोळे फिरवले, मुद्दाम जोरात फिरवले. डोकं शांत होतं. काकू ओटीचं सामान आणि एका पाहुण्या बाईला घेऊन आल्या. मी दाढी करून, चहा पीत, पेपर वाचत बसलो होतो. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं, आणि दोघी थोड्या वेळानं निघून गेल्या. त्यानंतर कुणी आलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आई निघाली. भाऊ आणि भावजय ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जाणार होते, त्यांची पोरं तिच्या गळ्यात होती. एसटीत बसल्यावर तिनं खिडकीतून माझ्या गालावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "परत आलं तर सांग. मी येती."

गोळी बदलायला पुढे बरेच आठवडे लागले. जुनी थोडी कमी, नवी थोडी जास्त, मध्ये थांबायचं, बाईंना दाखवायचं. जुनी अगदी संपत आली त्या दिवसांत, एका संध्याकाळी भांडी घासताना, डोक्यात एकच बारीकसा झटका बसला. बाईंनी सांगितलंच होतं की शेवटी असं किरकोळ होईल आणि जाईल. मी हात पुसले. घरात टीव्हीसुद्धा लावलेला नव्हता. त्याच वेळी आईचा फोन आला.

इकडचं तिकडचं झालं. मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, "परत आलं का रं कवा?"

हो म्हणायचं होतं मला. नुसतं हो. खोटंही झालं नसतं, आणि उद्या दुपारच्या एसटीनं ती दारात असती.

"न्हाई, आई," मी म्हणालो. "आता कायच येत न्हाई."

"बरं झालं मंग," ती म्हणाली, आणि शेळ्या आत घ्यायच्यात म्हणून तिनं फोन ठेवला.