रजा बंद

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. कुणी काही विचारलं की उत्तर माझ्या तोंडात तयार असतं, ठाऊक असो वा नसो. त्या उन्हाळ्यात ही खोड मला नडली.

माझा धाकटा भाऊ फौजेत हवालदार, रणगाड्यांवर. त्याची बायको-मुलगी नगरला सावेडीत माझ्याजवळ असतात. तो दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. मुलगी आठ वर्षांची आणि प्रश्न विचारून जीव खाणारी.

एका सकाळी शहराबाहेरच्या लष्करी रेंजवर फायरिंग सुरू झालं आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आम्हां नगरकरांचा त्याने फोडणीतला हातही थांबत नाही. पोरगी मात्र ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आत्या, कुणाशी लढतायत?"

"कुणाशी नाही. सराव आहे."

"लढाईच नाही, तर सैन्य कशाला?"

मी आपल्या सोसायटीचा वॉचमन पुढे केला. म्हटलं, चोर काही रोज येत नाही, पण वॉचमन आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो फिरकत नाही. देशाचंही तसंच. ती म्हणाली, "शेजारच्या सोसायटीनेपण वॉचमन ठेवलाय. ते आपल्याला चोर समजतात?"

भाऊ खो खो हसला. मला राग आला, कारण पोरीने बरोबर बोट ठेवलं होतं. "थोडंफार समजतात," मी म्हटलं. "आणि आपण त्यांना. भांडायचं की नाही हे मात्र वॉचमन ठरवत नाही, सोसायटी ठरवते. तसं सैन्याला सरकार सांगतं."

मग तिने बापाला धरलं. रोज काय करता? तो हौसेने सांगत बसला. पहाटे पीटी. मग रणगाड्यांची देखभाल: बॅटऱ्या तपासायच्या, चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या पिना ठोकून बघायच्या, उभी गाडी खराब होते म्हणून इंजिन चालू करायचं, तोफेच्या नळीत लांब दांड्याचा ब्रश घालून तीन-चार जणांनी ओढायचा. नव्या पोरांना शिकवायचं, पहारा द्यायचा, पूर आला तर माणसं काढायला जायचं. फायरिंगच्या आधी लाल निशाण लावतात, आसपासच्या गावांना गुरं आणू नका म्हणून कळवतात, आणि नंतर न फुटलेले गोळे शोधून निकामी करतात. "आणि काही जण शांततेतही सरहद्दीवरच असतात," तो म्हणाला. "आम्ही आलटून पालटून जातो."

"रजा कधी मिळते?"

"पाळीपाळीने. सगळे एकदम सुटले तर गाड्या कोण चालवणार?"

इथे मी तोंड घातलं. कुणी विचारलं होतं मला? "सोप्पं आहे गं. तुझा पप्पा आठपर्यंत घोरतोय ना, तोवर देशात शांतता आहे म्हणून समज. लढाईची वेळ आली की आधी रजा बंद करतात, सगळ्यांना परत बोलावतात."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी आतल्या खोलीत डोकावून यायची आणि मला सांगायची, "आहे शांतता." आम्ही हसायचो.

मग कुठेतरी काहीतरी घडलं आणि टीव्हीवर माणसं एकमेकांवर ओरडू लागली. शहरात हवाई हल्ल्याच्या भोंग्याची चाचणी झाली. वाणी म्हणाला, तांदूळ थोडा जास्त भरून ठेवा बाई. भाऊ बोलायचा कमी झाला. मोबाईल न्हाणीघरातही नेऊ लागला. पोरगी सकाळी डोकावायची, पण येऊन मला काही सांगेना.

फोन आला तेव्हा आम्ही आमरस खात होतो. तो तीनदा "जी साहेब" म्हणाला, वाटी तशीच ठेवून उठला आणि ट्रंक ओढू लागला. भावजयीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "ताई, तिला सराव म्हणून सांगायचं. तुम्हाला माझी शपथ." मी कबूल झाले.

पोरगी दारात उभी राहून बापाची बांधाबांध बघत होती. "सरावाला चाललेत," मी म्हटलं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे मी बघायचे, तसं.

तो गेला. ट्रंक रिक्षात ठेवताना त्याने पोरीला दोनदा उचललं, तीही हसली, हात हलवला. भावजय आत जाऊन पडली. मी पायरीवर बसले. माझ्या जिभेला आग लागो, असं वाटत होतं. या पोरीला रजा बंद होण्याचा अर्थ ठाऊक नसता तर बरं झालं असतं, आणि तो मीच तिला शिकवला होता.

ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"आत्या, आईला मीपण सरावच सांगेन," ती हळू म्हणाली. "तू खोटं बोललीस तरी चालेल. पण सांग, पप्पा येतील ना?"

"येतील," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.