तुझं डोकं आणि दोन आज्या

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, जिन्याजवळच्या फोटोत मी इतकी गुळगुळीत कशी?" तुझा दादा मागून म्हणाला, "ती तू नाहीसच, बाहुली आहे." तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि मला उत्तर देता आलं नाही. आता निवांत लिहिते.

ती तूच आहेस. पण त्या दिवशी तू तशी नव्हतीस.

तुझा जन्म इथे बंगळुरूत, म्हणजे तुझ्या आईच्या माहेरी झाला. माहेरच्या बाळंतपणात बाळाची मालिश, आंघोळ, शेक, धुरी सगळं आईच्या आईकडे असतं. बाळ गुटगुटीत झालं तर ते वडिलांकडच्यांवर गेलेलं असतं, आणि त्याला नुसती शिंक आली तरी विचारतात, "तिकडे नीट लक्ष देत नाहीत का?" हे विचारणारी व्यक्ती नागपूरला होती: तुझी दुसरी आजी, माझ्या विहीणबाई. त्यांनी तुला अजून पाहिलं नव्हतं. बारसं सव्वा महिन्यानंतर ठरलं होतं. "तोवर एक छान फोटो पाठवा ताई, मला सगळ्यांना दाखवायचा आहे," असं त्या रोज म्हणत.

फोटो काढायला जयनगरातली एक मुलगी घरी आली. फक्त तान्ह्या बाळांचेच फोटो काढणारी. तू तीन आठवड्यांची होतीस. तिने तुला मऊ कापडात गुंडाळलं, तू झोपलीस आणि काम झालं. मी समाधानाने चहा केला. मग तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तुझा चेहरा मोठा करून दाखवला आणि माझा चहा तसाच राहिला.

नाकावर रव्यासारखे पांढरे ठिपके. कपाळ आणि हनुवटी सोललेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आणि टाळूपासून भुवयांपर्यंत पिवळट, तेलकट खपल्या! डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ठिपके मिल्क स्पॉट, खपल्या क्रेडल कॅप, दोन्ही आपोआप जातात, खरवडू नका. ते मला पटलं होतं. पण विहीणबाईंना डॉक्टर नव्हे, फोटो दिसणार होता. त्यांनी एकच अर्थ लावला असता: बाईला बाळाचं डोकं धुता येत नाही.

"हे सगळं काढता येईल?" मी विचारलं.

"येईल की, अज्जी. जे आपोआप जाणार असतं ते आम्ही काढतोच. जन्मखूण असेल तर मात्र विचारल्याशिवाय नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या स्टुडिओत जाऊन तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तुझ्या आजोबांनी निघताना टोमणा मारलाच: "फोटोची दुरुस्ती करायला चाललीस की पुराव्यात फेरफार करायला?"

मूळ फोटोला हात न लावता तिने कॉम्प्युटरवर त्या फोटोवर एक रिकामा थर घेतला आणि सगळं काम त्या थरावर केलं. ठिपक्याहून किंचित मोठा ब्रश, एक टिचकी, की ठिपका गायब. आजूबाजूच्या कातडीवरून ते यंत्रच तिथला रंग जुळवून घेत होतं. सोललेल्या जागी ती शेजारची चांगली कातडी घेऊन हलक्या हाताने, थोडी थोडी भरत होती. लाली पुसली नाही, फक्त कमी केली.

"अजून, अजून," मी म्हणत होते.

"स्वल्प थांबा, अज्जी. एवढं घासलं तर प्लास्टिकचं बाळ होईल. ही बारीक लव दिसते ना, ती राहायला हवी."

खपल्यांना सगळ्यात वेळ लागला. त्या केसांत होत्या, त्यामुळे ब्रश केस वळतात त्याच दिशेने न्यावा लागे. एकदा तिने आडवा नेला तर तुझ्या टाळूवर शेणाने सारवल्यासारखा पट्टा उमटला. तिने तो लगेच मागे घेतला. मग पिवळा रंग उतरवला, तेलाची चमक कमी केली. भुवयांतल्या खपल्याही गेल्या. शेवटी गालावर एक काळा ठिपका उरला.

"हा जन्मखूण आहे का?"

"तो मी लावलाय," मी म्हणाले. "तीट आहे."

"अय्यो, दृष्टी बोट्टू! मग राहू दे."

एवढे डाग काढले आणि उरला तो मुद्दाम लावलेला. फोटो अप्रतिम झाला. मी तो त्याच दुपारी नागपूरला पाठवला.

अर्ध्या तासात फोन. "अजी ताई, काय डोकं ठेवलंय तुम्ही पोरीचं! चकचकीत! आमच्या भाचीच्या बाळाच्या डोक्यावर तर नुसत्या खपल्याच खपल्या. काय लावून राहिल्या तुम्ही?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण कौतुकाने माणूस बोलतो. "खोबरेल," मी म्हणाले. "आंघोळीआधी लावायचं, मऊ ब्रशने हळूच फिरवायचं, मग धुवायचं." यात एकही अक्षर खोटं नव्हतं. मी रोज तेच करत होते. तुझं डोकं ऐकत नव्हतं, एवढंच.

संध्याकाळपर्यंत तो फोटो त्यांच्या सगळ्या नातलगांत फिरला. मला अनोळखी बायकांचे फोन येऊ लागले. एकीने खोबरेल घाण्याचंच हवं का विचारलं, एकीने ब्रशचा फोटो मागितला. तुझी आई पलंगावरून म्हणाली, "आई, तू आता क्लिनिक उघड."

मग विहीणबाईंचा निरोप आला: त्या बारशाच्या आदल्या दिवशीच येताहेत, आणि सोबत भाची व तिचं बाळ. "तिला तुमची पद्धत प्रत्यक्ष दाखवा."

त्या दिवसापासून मी तुझ्या टाळूकडे परीक्षेचा निकाल पाहावा तशी पाहत होते. खपल्या थोड्या सुटल्या, पण गेल्या नाहीत. तुझ्या आईने बजावलं, "आई, खरवडायचं नाही हं." मी खरवडलं नाही. मनात मात्र खूप आलं.

विहीणबाई आल्या, हातपाय धुतले आणि थेट पाळण्याशी. भाची तिच्या बाळाला घेऊन अजून खाली टॅक्सीतून सामान काढत होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी तुझं टोपडं सोडलं.

त्यांनी खपल्यांवरून हलकेच बोट फिरवलं. मी म्हणाले, "फोटो साफ करून घेतला होता."

"ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. मग हळूच: "हिच्या बापाचं अस्संच होतं. सासूबाई मला येताजाता बोलायच्या." मला वाटलं, सुटले. तेवढ्यात त्या सावध झाल्या. "पण ताई, मी तो फोटो सगळ्यांना पाठवून बसले! 'आमच्या नातीचं डोकं बघा' म्हणून. आता काय करायचं?"

लिफ्टचं दार वाजलं. त्यांनी झटकन पिशवीतून बारशासाठी आणलेली खणाची कुंची काढली आणि तुझ्या डोक्यावरून ओढून भुवयांपर्यंत घट्ट बांधली.

"अगं आई, उद्यासाठी आहे ना ती?" तुझे बाबा म्हणाले.

"सवय व्हायला नको का पोरीला!"

बारशाच्या दिवशी भाचीला तुझं डोकं जवळून बघायचं होतं. विहीणबाई म्हणाल्या, "आता नको, झोपेल." मी म्हणाले, "आता नको, उठेल." उकाडा होता, तरी आम्ही दोघींनी पंखा बंद करवला, म्हणजे तुला वारा लागू नये म्हणूनच कुंची आहे असं वाटावं. आजोबा रुमालाने वारा घेत आमच्याकडे पाहत होते.

मग तुझी आत्या पुढे आली. कानात नाव सांगायला तिने कुंचीची कड उचलली आणि भाची मान पुढे काढून वाकली. मी एकीकडून, विहीणबाई दुसरीकडून, दोघींनी एकदम आत्याच्या पाठीत धपाटे घातले.

"अगं, अजून नाव कुठे सांगितलंय!" आत्या ओरडली.

"वरून सांग, ऐकू येतं तिला!" आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

तर तुझं नाव तुझ्या कानात खणाच्या कापडातून गेलं आहे.