आवाज बंद ठेवून डेमो

तोंडी व्यवहारावर माझा काडीचा विश्वास नाही. तीस वर्षं ग्रामपंचायतीत क्लार्की केली. कागदावर नाही ते झालंच नाही, असं मानणारा मी माणूस. म्हणून बायकोसाठी मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं, तेव्हा शहापुरातल्या दुकानमालकाला मी रीतसर अर्ज लिहिला. पोरगा हसला. म्हणाला, "बाबा, फोन करा ना." मी म्हटलं, "तू गप रे!"

बायकोच्या डोळ्यांचा पडदा मधोमध सुकला होता. कडेकडेचं तिला दिसायचं, त्यामुळे चालणं, पाणी भरणं, चूल सगळं चालू. फक्त टीव्हीतली तोंडं पुसट दिसतात, असं म्हणायची. डॉक्टरांनी सांगितलं, औषध नाही. सगळं मोठं करून दाखवा, जमलं तर जमलं. त्या 'जमलं तर'वर मी टीव्ही घ्यायला निघालो होतो. संध्याकाळची मालिका एवढीच तिची करमणूक. ती तिला पुन्हा नीट दिसावी, बस्स.

अर्जात मी लिहिलं: टीव्ही पासष्ट इंची हवा, पण विकत घेण्याआधी डेमो पाहिजे. डेमो पेनड्राइव्हवरच्या फुलपाखरांचा नको, साध्या चॅनलचा हवा. माणूस पाच फुटांवर बसेल. घाई करू नये. चित्राचीच परीक्षा व्हावी म्हणून काही वेळ आवाज बंद ठेवावा. फिटिंगला माणूस तुमचा की कंपनीचा? किन्हवलीच्या पुढे आमच्या गावापर्यंत येईल का? भिंतीवरचा स्टँड खोक्यात असतो की वेगळा घ्यायचा? आमची भिंत मातीत बांधलेल्या विटांची आहे, ती एवढा भार धरेल का? आणि घरी नेल्यावर पसंत पडला नाही तर परत घ्याल का?

डोळ्यांचं मात्र लिहिलं नाही. परक्याला कशाला सांगायचं?

मालक भला माणूस. माझ्याच अर्जाच्या समासात उत्तरं लिहून आमच्या पोरासोबत परत पाठवली. फिटिंगला कंपनीचा माणूस येईल, गावापर्यंत येईल, एक-दोन दिवस लागतील. तो येईपर्यंत खोका फोडू नये. आधी फोडला आणि काच तडकलेली निघाली तर आमची जबाबदारी नाही. स्टँड वेगळा. भिंत तशी असेल तर टांगू नका, टेबलावरच ठेवा. खोका फोडल्यावर माल परत नाही, म्हणून डेमो दुकानातच मनासारखा बघून घ्या. खाली सही, शिक्का. मला फार बरं वाटलं.

एसटीने गेलो. बायकोने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मालकाने खुर्ची ओढून दिली, "बसा काकी," म्हणाला, आणि मालिकेचं चॅनल लावलं.

पाच मिनिटांत तिचं तोंड फुललं. "अहो, ही सासू. आता सून आली बघा. कशी मुसमुसते मेली!" एक नाव चुकलं नाही. मालक खूश, मी तर हवेतच. एवढे पैसे सार्थकी लागले, असं मनात म्हटलं. 'घेतला' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मालकाला अर्ज आठवला. "काका, आवाज बंद करायचा लिवलेला ना तुमी?"

त्याने आवाज बंद केला.

बायको बोलायची थांबली. पडद्यावर बायकांची तोंडं ही एवढाली, परातीएवढी. "आता कोण गो?" मी विचारलं. ती मान तिरकी करून बघत राहिली. "सासू," म्हणाली. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती, एक तान्हं पोर आंघोळ करत होतं.

 मालकाने तिची खुर्ची पुढे घेतली, पुढे घेतली, शेवटी तिचं नाक काचेला टेकायचं बाकी राहिलं. "मधी काळंच हाय," ती म्हणाली. "मोठं केलं तर काळं पन मोठं झालं."

मी भडकलो. दुकानात, चार लोकांत. "मग आधी का नाय सांगितलंस? घरी रोज सगळी नावं घेतेस ती?"

"आवाजावरून घेते. तुमी बाजूला बसून हसता, बरं वाटतं. म्हणून."

माझीच अट होती ती, माझ्या हातची. नसती लिहिली तर टीव्ही घरी आला असता आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर बसलो असतो. कसली परीक्षा घ्यायची होती मला? कुणाची? शरमेने मला मालकाकडे बघवेना. त्याने आवाज पुन्हा सुरू केला नाही, विक्रीचंही काही बोलला नाही, चहा मागवला.

एसटी स्टँडवर तिच्यासमोर उभं राहून मी म्हटलं, "तोंडं दिसत नाय म्हणजे फक्त टीव्हीतली ना गो?"

ती माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत होती. "तुमचं पन नाय दिसत," म्हणाली. "वरीस झालं."