रिपोर्टिंग मॅनेजरचं नाव

खराडीतली नोकरी मी सोडली तेव्हा माझ्या मॅनेजरने राजीनामा मंजूर करताना एवढंच म्हटलं, "जा. पण पुण्यातलं आयटी फार लहान आहे, लक्षात ठेवा." तो मला तीन वर्षं 'अहो-जाहो' करत असे आणि त्या आदराने माझ्या अंगाचा तिळपापड होत असे. एकदा क्लायंटच्या कॉलवर मी त्याला मध्येच अडवून, ही तारीख जमणार नाही, असं सांगितलं होतं. तेव्हापासून मी त्याच्या डोळ्यांत सलत होते. दर वर्षीच्या मूल्यमापनात तोच शेरा: अपेक्षेप्रमाणे. म्हणजे ना वाईट, ना बढतीच्या लायकीचं.

हिंजवडीतल्या कंपनीने ऑफर दिली, पण तिच्यात एक अट होती. पार्श्वभूमीची तपासणी समाधानकारक झाली तरच नोकरी. ही तपासणी कंपनी स्वतः करत नाही, तिने नेमलेली एजन्सी करते. तिने मेलवर लिंक पाठवली. रिलिव्हिंग लेटर, पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा, सगळं चढवलं आणि एका रकान्यापाशी अडकले. रिपोर्टिंग मॅनेजरचं नाव, ऑफिसचा मेल, फोन.

माझ्या नवऱ्याने विचारलं, "असं काय सांगणार आहे तो? फार तर खडूसपणे हो-नाही म्हणेल."

त्याला काय कळणार? तो बँकेत, एकाच खुर्चीत बारा वर्षं. मला माहीत होतं, एजन्सीवाले काय विचारतात. काम कसं होतं, सहकाऱ्यांशी वागणूक कशी होती, सोडलं का, आणि शेवटी तो जीवघेणा प्रश्न: पुन्हा नोकरीवर घ्याल का? त्यावर तो नुसता दोन सेकंद गप्प राहिला तरी माझा निकाल लागला असता. शिव्या देण्याचीही गरज नव्हती त्याला.

मग मी तेच केलं जे आमच्या आयटीत अनेक जण करतात आणि कुणी कबूल करत नाही. टीममधली एक सीनिअर माझी मैत्रीण होती, अजून तिथेच कामाला होती. मॅनेजरच्या रकान्यात मी तिचं नाव, तिचा ऑफिसचा मेल आणि फोन टाकला. ती म्हणाली, "अगं दे बिनधास्त, मी तुझी आरती ओवाळते." फॉर्मच्या तळाशी लिहिलं होतं, माहिती चुकीची आढळल्यास ऑफर रद्द होऊ शकते. मी त्यापुढच्या चौकटीत खूण केली आणि कर्वेनगरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नवऱ्यासोबत निवांत चहा प्यायले.

मैत्रिणीला एजन्सीचा फोन आला. तिने खरंच आरती ओवाळली. रुजू व्हायला चार दिवस होते तेव्हा हिंजवडीच्या एचआरमधल्या बाईंचा फोन आला. आवाज अगदी सभ्य होता.

"मॅडम, तुमच्या रिपोर्टमध्ये एक विसंगती आहे. जुन्या कंपनीच्या एचआरकडे एजन्सीने तारखा, पद आणि मॅनेजरचं नाव पडताळलं. तुम्ही दिलेली व्यक्ती तुमची मॅनेजर नव्हती."

तो पडताळा स्वतंत्रपणे एचआरकडून होतो, हे मला ठाऊक होतं. पण त्यात मॅनेजरचं नावही विचारतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्या माणसाच्या धास्तीत इतकी गढले होते.

मी विचारलं, "मग तुम्ही त्यांनाच फोन केलात?"

"एजन्सीने केला."

"काय म्हणाले ते?"

बाईंनी हे सांगायला नको होतं. त्यांना बहुधा माझी दया आली. त्यांनी वाचून दाखवलं: काम चोख. वागणुकीबद्दल तक्रार नाही. सोडण्याचं कारण, चांगली संधी. पुन्हा घ्याल का, हो.

"त्यांच्या बाजूने काहीच अडचण नव्हती, मॅडम," बाई म्हणाल्या. "अडचण तुम्ही लिहिलेल्याची आहे." ऑफर मागे घेतल्याचा मेल संध्याकाळी आला.

मला हायसं वाटायला हवं होतं, निदान लाज वाटायला हवी होती. मला संताप आला. काम चोख! तीन वर्षं मी त्याच्यासमोर बसत होते, तेव्हा हे दोन शब्द जड झाले होते का? एजन्सीतल्या कुणा अनोळखी मुलीला फोनवर ते फुकट दिले.

नवरा घरी आला, माझा चेहरा पाहून काय ते समजला. "त्या माणसानेच वाटोळं केलं ना?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हो."

त्याने मॅनेजरला अस्सल शिव्या घातल्या, दुसऱ्या दिवशी माझ्या आईनेही घातल्या. आजही आमच्या घरात तो माणूस माझी नोकरी घालवणारा म्हणूनच ओळखला जातो, आणि विषय निघाला की मी मान डोलावते.