वरच्या कोपऱ्यातली फट

माझ्या भावाचं बाळ दीड महिन्याचं असताना अकोल्याला त्याची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात वरच्या बाजूला लहानसं छिद्र निघालं. बाळाचं वजन नीट वाढतंय, छिद्र बुजूही शकतं, काही महिन्यांनी पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. मी तेव्हा अकोल्यातच मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते. सुट्टीत तेल्हाऱ्याला घरी गेले, तर वहिनीने विळीला हात लावणं सोडलं होतं.

तिला सातवा महिना असताना ग्रहण लागलं होतं. आमचा भाजीचा धंदा. माल बाजारात जायचा होता म्हणून ती पालकाच्या जुड्यांची मुळं कापत बसली होती.

"गिऱ्हानात विळी चालवली हिनं," आई तिच्यासमोरच म्हणाली. "पोराच्या काळजाले छेद पडला."

घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. आईपुढे पुस्तकातलं बोलायला जीभ अडखळायची. तरी ओढणीची गुंडाळी केली आणि तिची दोन टोकं वहिनीच्या मुठीत दिली.

"हृदय आधी अशी सरळ नळी असते. टोकं बांधलेली, जागा तेवढीच, पण नळी वाढत राहते. मग ती वाकते." मी मधला भाग उजवीकडे वळवला. "ती उलट्या बाजूला वळली, तर खालचे कप्पे डाव्याचे उजवे होतात."

"आपल्या बाळाची?" वहिनीने विचारलं.

"बरोबर वळली. मग आत पडदे तयार होतात. खालून मांसाचा पडदा वर चढतो. वर फट उरते, ती आजूबाजूच्या उंचवट्यांतून येणाऱ्या पातळ पडद्याने शेवटी बुजते. बाळाची तेवढी राहिली." बाहेर जाणारी मोठी नळीही पडद्यानेच दुभागते, हे सांगितलं. तो पडदा पिळासारखा फिरत उतरला नाही, तर दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या चुकीच्या कप्प्यांना लागतात. एका बाजूला सरकला, तर बाळ निळं पडू शकतं. "पण आई, हे सगळं तिसरा महिना संपायच्या आत होऊन जातं. ग्रहण सातव्यात होतं."

मला वाटलं, संपलं.

आई म्हणाली, "मंग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काय केलं हिनं? टोपले उचलत होती."

वहिनीने ओढणी खाली ठेवली. ग्रहणाची तारीख पुसताना मी तिला दोष द्यायला नवी तारीख शोधून दिली होती.

"टोपल्यानं नाही होत, आई. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. डॉक्टरांनाही नाही."

"कोनालेच नाई मालूम?"

"नाही."

"मंग लोकायले काय सांगू मी?"

"हेच सांग."

आईने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग उठली, फळीवरून विळी काढली आणि वहिनीपुढे ठेवली.

"कांदे चीर. मले डोळ्यानं दिसून नाई रायलं."




वहिनीने पाट ओढला.