धुराची वाट

बाळकुमला हॉटेलसाठी गाळा बघितला, तेव्हा मालकाशी मी एकाच गोष्टीवरून भांडलो: किचनच्या धुराचा डक्ट. तो मागच्या भिंतीवरून थेट गच्चीपर्यंत न्यायलाच हवा होता. नाहीतर फायरची एनओसी नाही, आणि तिच्याशिवाय हॉटेलचं लायसन्स नाही.

शेवटी मालक म्हणाले, "किचनचं काम आधी माझा आर्किटेक्ट पास करणार. लायसन्सं तुमची तुम्ही बघायची. मग डक्टला माझी हरकत नाही."

मी तिथल्या तिथे सही केली. वर जिंकल्यासारखा पेढे घेऊन घरी गेलो, गाढव कुठला!

डक्टचे पत्रे आले आणि सोसायटीच्या सेक्रेटरीनं काम थांबवलं. "गाळा त्यांचा. बाहेरची भिंत आणि गच्ची सोसायटीची. आम्हाला कोणी विचारलं?" कमिटीनं साफ नकार दिला.

मालकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "माझी हरकत नाही, एवढंच म्हणालो होतो मी."

करारामुळे गाळाही सोडता येईना. आता तिथे मी पाकीटबंद फरसाण विकतो. डक्टचे पत्रे कोपऱ्यात रचून ठेवलेत, वर पुठ्ठा टाकून. मालक आले की त्यावरच बसून चहा पितात.