साडेचारच्या आधी उचलू नका

आमचे जुने हेडक्लार्क वारले तेव्हा मला नोकरीत लागून दोन वर्षं झाली होती. मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची कचेरी होती. कोणत्या खात्याची ते सांगत नाही, त्या खात्यात अजून माझ्या ओळखीची मुलं आहेत. साठच्या पुढचं कुठलंतरी साल असेल, मार्गशीर्षातला दिवस. अकराला मस्टरवर सही करून मी खुर्ची ओढतोय तोच शिपाई आला आणि दारातूनच म्हणाला, "म्हातारो गेलो. पहाटे."

कोण म्हातारा ते कुणाला विचारावं लागलं नाही.

ते निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण कचेरीवर त्यांचा वचक तसाच होता. लवकर घरी जाण्याच्या बाबतीत तर जास्तच. कचेरीतून लवकर सुटायचे दोन रस्ते होते. एक, तासाची परवानगी. ती महिन्यातून दोनदा मिळे आणि फक्त शेवटच्या तासाची, म्हणजे साडेचारला उठायचं. रजा खर्ची पडत नसे. दुसरा, अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा. ती दोनच्या मधल्या सुट्टीनंतर सुरू होई, अर्ज सुट्टीच्या आत टेबलावर पडावा लागे आणि वर्षाच्या मोजक्या रजांतली अर्धी कायमची जाई. या दोन्हींच्या मधलं काहीही जुने हेडक्लार्क मानत नसत. साडेतीनला जायचं असेल तर? "तर दोनाक जा, नायतर साडेचाराक जा. साडेतीन ही वेळच नाय," असं ते म्हणत. त्यांचे वडील वारले त्या सकाळी ते कचेरीत आले, सुट्टीपर्यंत टपाल पाहिलं, अर्ध्या रजेचा अर्ज ठेवला आणि मग घरी गेले, असं सगळे सांगत. मी ते पाहिलेलं नाही. पण खोटं वाटत नव्हतं.

आता त्यांनाच पोचवायला जायचं होतं.

"कधी उचलतले?" नव्या हेडक्लार्कांनी शिपायाला विचारलं. हे नवे म्हणजे जुन्यांच्याच हाताखाली पंधरावीस वर्षं घासलेले गृहस्थ. बोलताना मान तिरकी करण्याची लकबही त्यांनी तिकडूनच उचलली होती.

"झील येवचो आसा कोल्हापुरसून. काल रातीच, जास्त झाला तेवाच तार केल्यानी. तो इलो काय उचलतले."

"बस कधी येता?"

"फोंडा घाटात अडकली नाय तर तीनाक. अडकली तर देवाक म्हायत."

मुलाच्या बसवर सगळं अडलं आणि इथून गोंधळ सुरू झाला. तिरडी तीनला उचलली तर परवानगीवाल्यांना नुसती राख दिसणार. बस उशिरा आली आणि पाचला उचलली, तर अर्धी रजा घेणारे फुकट मेले. ठरवायचं मात्र दोनच्या आत. रोखपालांना तर निवडच नव्हती. लोकांचा भरणा तीनला बंद होई, मग मेळ घालून तिजोरीला कुलूप लागेपर्यंत चार वाजत. त्यांनी तोंड पाडून परवानगीचा अर्ज लिहिला. माझंही ठरलेलंच होतं. आईला दोनदा डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं, त्यामुळे महिन्याच्या दोन्ही परवानग्या संपल्या होत्या. मला अर्धी रजाच.

आमचे साहेब साताऱ्याकडचे, नवे होते. त्यांच्यापुढे आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो.

"नोकरीत असते तर दुपारून कचेरी बंद केली असती," ते म्हणाले. "निवृत्त माणसासाठी मला बंद करता येणार नाही. पण एवढं अवघड काय आहे त्यात? निरोप आला की जा सगळे, तासाभरात परत या."

हेडक्लार्कांनी मान तिरकी केली. "साहेब, मधल्या तासाची परवानगी नसते. शेवटच्याच तासाची असते."

"या एका वेळेला घ्या मधल्या तासाची."

"आणि साहेब, स्मशानातून आंघोळ केल्याशिवाय परत कसे येणार?"

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "मागे विहीर आहे ना कचेरीची?"

 आठ कारकून ओल्या पंच्यांत फायलींपुढे बसलेत हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू आवरेना, म्हणून मी खाली पाहिलं. साहेबांच्याही डोळ्यांपुढे ते आलं असावं. "करा काय करायचं ते," म्हणून त्यांनी पेन उचललं.

दीड वाजता हेडक्लार्कांनी शिपायाला एस. टी. स्टँडवर पिटाळलं. तो परत आला तो कंट्रोलरचं उत्तर घेऊन: "येतली तेव्हा येतली." त्या उत्तराच्या आधारावर सगळ्यांनी आपापले निर्णय घेतले. जावक कारकून आणि मी, दोघांनी अर्धी रजा टाकली. हेडक्लार्क धरून बाकीच्यांनी परवानगी. जावक कारकून माझ्या शेजारी अर्ज लिहिताना पुटपुटला, "मराक पण मेल्यान आयतवार बघूक नाय."

अडीचला आम्ही त्यांच्या घरी पोचलो. चिऱ्याचं बसकं घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, बाजूला माड. पाहुणेरावळे जमले होते. पडवीत तिरडी बांधून तयार होती. भटजी कोपऱ्यात बसून सारखे उन्हाकडे पाहत होते. थंडीचे दिवस, सूर्य लवकर बुडतो, त्याच्या आत अग्नी द्यायला हवा ही त्यांची काळजी. आम्ही दोघे माडाखाली उभे राहिलो. काही करण्यासारखं नव्हतं. रजेवर असलेल्या माणसाला आपण रजेवर आहोत हे इतकं कधी जाणवत नसेल.

पावणेचारला मुलगा आला. प्रवासाने पार धुळीने माखलेला. तो आत गेला, रडणं उठलं, मग हळूहळू बसलं. भटजी उभे राहिले. चार माणसं पुढे झाली. तेवढ्यात आमचा शिपाई धापा टाकत खळ्यात शिरला.

"थांबा! उचलू नका!"

सगळे थबकले. कुणाला वाटलं, मुंबईचं कोणी नातेवाईक आलं.

"हेडक्लार्कांनी सांगितल्यानी," शिपाई म्हणाला, "साडेचाराच्या आधी उचलू नका. साडेचाराक परवानगी सुरू होता. सगळे येतत."

 मग मयताचा मेहुणा, आरोंद्याचा, बागायती करणारा, अंगाने आडवा माणूस, पुढे आला. "कसली परवानगी? मढ्याक उचलूक तुमची परवानगी व्हयी?"

"तसा नाय हो..." शिपाई मागे सरकत म्हणाला.

"मगे कसा? ऊन बुडाक इला! भटजी, तुमी सांगा."

भटजींनी सांगितलं की शास्त्रात परवानगीचा उल्लेख नाही. मेहुणा माझ्याकडे वळला. "तुमी पण थयले, कचेरीतलेच मा? तुमी कसे इलास?"

"आमी अर्धी रजा घेतलंव," मी म्हणालो.

"मगे त्यांनी कित्याक नाय घेतली?"

याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. रोखपालांचा मेळ, माझ्या संपलेल्या परवानग्या, कंट्रोलरचं उत्तर, सगळं एकदम जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. त्या खळ्यात, तिरडीपुढे, ते सांगण्यासारखं नव्हतंच.

तेव्हा जुन्या हेडक्लार्कांची बायको दारात आली. डोक्यावरून पदर, डोळे सुजलेले. मी तिला तोवर जेमतेम एकदोनदा पाहिलं होतं. तिने भावाला हाताने थांबवलं.

"ऱ्हवा दे," ती म्हणाली. "साडेचार वाजा देत."

"अगो, पण..."

"हेंनी आयुष्यभर कोणाक साडेचाराच्या आधी सोडल्यानी नाय. आज तेंच्यासाठी कोणी आधी इलो, तर तेंका आवडाचा नाय."

 मुलगा आईकडे पाहून बाजूला सरला. मेहुण्याने डोक्याला हात लावला आणि पडवीच्या पायरीवर बसला. भटजी पण बसले. खांदेकरी तिरडीच्या चारी बाजूंना उभे होते, तेही एकेक करून बसले. आणि तीस-चाळीस माणसं एका मृत माणसाभोवती कचेरी सुटायची वाट पाहू लागली.

मला खरं सांगायचं तर त्या वेळेला मनात दुःख नव्हतं. राग होता. मी माझी अर्धी रजा घालवून इथे आलो आणि माझ्याच कचेरीसाठी इथे ताटकळतोय, म्हणजे मी रजेवर आहे की कामावर? जावक कारकून तर उघडच म्हणाला, "ही वेळ आमच्या रजेत धरूक नको." कुणीतरी काळा चहा आणला, सुतकात चहा चालतो का यावर दोन म्हाताऱ्या हळू आवाजात भांडल्या. शिपायाच्या हाताला कचेरीतलं एकमेव मनगटी घड्याळ होतं, हेडक्लार्कांनी आपलं काढून त्याला बांधून पाठवलं होतं. पाहुणे त्याला थोड्या थोड्या वेळाने विचारू लागले, आणि तोही गंभीरपणे सांगू लागला.

शेवटी रस्त्यावर पावलं वाजली. हेडक्लार्क पुढे, धोतराचा सोगा हातात धरून, मागे रोखपाल आणि बाकीचे, सगळे जवळजवळ धावत. आणि सगळ्यांच्या मागे साहेब. त्यांना ना रजा लागत होती, ना परवानगी, तरी तेही थांबून साडेचारलाच निघाले होते.

हेडक्लार्क सरळ पडवीत गेले, तिरडीपुढे वाकले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. उठले तेव्हा त्यांचा चेहरा पुसल्यासारखा झाला होता, मान सरळ होती. मग त्यांनी स्वतः खांदा दिला. मीही मध्ये एकदा दिला. म्हातारा हाडकुळा, पण तिरडी जड लागली. समुद्राकडच्या वाटेने गेलो, अग्नी दिला तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि भटजींनी मोठा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी मी आणि जावक कारकून हेडक्लार्कांपुढे उभे राहिलो. आमचं म्हणणं साधं होतं: तिरडी साडेचारला उचलली, म्हणजे आमची अर्धी रजा परवानगीत बदला. हेडक्लार्कांनी शांतपणे ऐकलं.

"तुझ्या परवानग्या संपल्यात," ते मला म्हणाले. जावक कारकुनाला म्हणाले, "आणि तू साडेचारला कुठे होतास? कचेरीत नव्हतास."

"पण तुमीच तर थांबवलात!"

"मी तिरडी थांबवली. तुम्हाला नाही थांबवलं."

यावर अपील साहेबांकडे होतं. साहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं लिहून देणार आहात का मला?" आम्ही परत आपापल्या खुर्च्यांवर जाऊन बसलो.

तेराव्याचं जेवण कामाच्या वारी आलं. पुन्हा तोच प्रश्न उभा राहणार या भीतीने हेडक्लार्क आदल्या दिवशीच बेचैन दिसत होते. संध्याकाळी जुन्या हेडक्लार्कांची विधवा मुलाला घेऊन कचेरीच्या पायरीशी आली. आत आली नाही. आम्हाला म्हणाली, "उद्या दोनाक सुट्टी होता मा? तेवाच येवा. पानां मांडून ठेवतंय. अडीचाक उठा."

आम्ही गेलो. पानं खरंच वाढून तयार होती, वडे गरम होते, काळ्या वाटाण्याचं सांबारं वाटीत, आणि ती पदर खोचून रांगेतून फिरत होती. सगळे भराभर जेवत होते, वेळच नव्हता. रोखपालांनी दुसरा वडा मागितला, तिने दोन टाकले. माझ्या पानापाशी ती थांबली आणि म्हणाली, "सावकाश जेव रे. अजून वेळ आसा."  त्या दिवशी माडाखाली न आलेलं रडू आता येत होतं, तोंडात वडा, बाजूला सगळी कचेरी. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा होऊनही बराच वेळ तसाच धरून ठेवला.